डायल Av वर, नजर शेजारच्या आकड्यावर

मोबाईलवर फोटो चांगलेच येत होते, हे आधीच कबूल करते. तरी कॅमेरा घेतला, कारण मोबाईलचा पोर्ट्रेट मोड माझ्या लेकीच्या, मनूच्या, वेणीतून सुटलेल्या बटा कापून टाकायचा. मागचं धूसर करताना केस कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते त्याला कळत नाही. मला खरंखुरं धूसर हवं होतं, लेन्समधून येणारं. म्हणून सुरुवातीच्या श्रेणीतला, सगळ्यात कमी किमतीत मिळणाऱ्यांपैकी एक डीएसएलआर घेतला आणि त्याच्यासोबत खोक्यात येते ती १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स. बस.

मिरजेला माझ्या मामाचा स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो, सगळं चालतं. कॅमेरा दाखवायला नेला तर त्याने आधी वरची डायल हिरव्या A+ वरून Av वर फिरवली आणि म्हणाला, "ऑटोवरच काढायचे असतील तर मोबाईल काय वाईट होता गं? आता यावरून हलायचं नाही."

Av म्हणजे अपर्चर प्रायॉरिटी. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर तिथे नुसतं A लिहिलेलं असतं. लेन्सच्या आतलं भोक किती उघडायचं ते आपण ठरवायचं, मग उजेड बघून शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरकडून आलेला सिग्नल किती वाढवून घ्यायचा तो आकडा, आपण बांधून ठेवू शकतो किंवा तोही कॅमेऱ्यावर सोडू शकतो. मामाने तो ऑटोवरून काढून ४००वर बांधून दिला. का ते नंतर कळलं.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून क्लिकचं बटण अर्धं दाबलं की खालच्या पट्टीत आकडे उजळतात. माझ्या कॅमेऱ्यात डावीकडे शटर, शेजारी अपर्चर, मग उजेडाची पट्टी आणि शेवटी आयएसओ. शटरच्या जागी ६० दिसलं तर ते सेकंदाचा साठावा भाग असतं. पूर्ण सेकंद असतील तर आकड्यापुढे दोन टिंबांसारख्या रेघा येतात. ३० आणि ३०" यातला फरक त्या इवल्याशा खुणेत आहे, आणि तो फरक सेकंदाचा तिसावा भाग विरुद्ध अर्धं मिनिट एवढा आहे.

घरी येऊन पहिला प्रयोग केला तो माणसांवर नाही, बरण्यांवर. जेवणाच्या टेबलावर लोणच्याची बरणी पुढे, तिच्या मागे हातभर अंतरावर मेतकुटाची, आणि सगळ्यात मागे खिडकीच्या कट्ट्यावर मुरांब्याची. कॅमेरा टेबलासमोर स्टुलावर, पुस्तकांच्या चळतीवर ठेवला, पुढच्या बरणीपासून मीटरभर लांब. बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. फोकस लोणच्यावर. लेन्स ५५वर.

अपर्चरच्या आकड्याआधी एफ लावतात, आणि तो आकडा वाढला की भोक लहान होतं. एफ ५.६ला लोणच्याची चिठ्ठी स्पष्ट, मेतकूट धूसर आणि मुरांबा म्हणजे नुसता केशरी ठिपका. एफ ११ला मेतकुटाची बरणी ओळखू यायला लागली. एफ २२ला तिच्यावरचं माझं अक्षरही जवळजवळ वाचता आलं. एवढं कुठेही वाचायला मिळतं. पण मामाने सांगितलं होतं, प्रत्येक फोटोबरोबर शटरचा आकडा लिहून ठेव. ते लिहिताना खरी गोष्ट कळली. खिडकीच्या उजेडात, आयएसओ ४००ला, एफ ५.६ला शटर १/६० होतं. एफ ११ला ते १/१५ झालं. एफ २२ला १/४. म्हणजे मी भोक लहान करत गेले आणि कॅमेरा तेवढाच उजेड आत घ्यायला शटर जास्त वेळ उघडं ठेवत गेला. बरण्या हलत नाहीत म्हणून तिन्ही फोटो नीट आले. मनू असती तर पहिला कदाचित आला असता, बाकीचे दोन नाही.

याचं एक गणित बोटातच बसतं. क्लिकच्या बटणामागे जी छोटी चकती आहे तिने अपर्चर बदलतं आणि तिचे तीन टिक्-टिक् म्हणजे एक पूर्ण स्टॉप. ५.६, मग ६.३, ७.१ आणि तिसऱ्याला ८. प्रत्येक तीन टिकला उजेड अर्धा होतो, म्हणजे शटरचा वेळ दुप्पट होतो. आता मला आकडे वाचावे लागत नाहीत. तर्जनीने सहा टिक् मोजले की शटर चौपट संथ झालं असणार हे माहीत असतं.

मग लेन्स १८वर आणली. आता अपर्चर एफ ३.५पर्यंत उघडतं, म्हणजे आकडा ५.६पेक्षा बराच लहान, म्हणजे भोक मोठं, म्हणजे मागचं जास्त धूसर व्हायला हवं, असा माझा हिशेब. झालं उलटं. मेतकुटाची बरणी बरीचशी स्पष्ट, मुरांबासुद्धा ओळखीचा. मामाला फोन केला तर म्हणाला, "भागाकार कर. ५५ला ५.६ने भाग."

एफचा आकडा म्हणजे भोकाचं माप नाही, तो भागाकार आहे. लेन्सचे मिलिमीटर भागिले भोकाचा व्यास. ५५ला ५.६ने भागलं की भोक साधारण १० मिलिमीटरचं निघतं. १८ला ३.५ने भागलं की जेमतेम ५ मिलिमीटरचं. आकडा लहान असूनही भोक निम्मं. उजेडाचा हिशेब एफच्या आकड्यावर चालतो, पण मागचं किती विरघळेल हे बहुतेक या खऱ्या भोकाच्या रुंदीवर ठरतं. सोबत मिळणाऱ्या लेन्सवर मागचं धूसर हवं असेल तर पूर्ण झूम करायचं, जवळ जायचं आणि माणसाला भिंतीपासून पुढे ओढायचं. हे तिसरं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक आहे. मनूला पडद्याला टेकून बसवलं तर कुठलंही अपर्चर पडद्यावरची फुलं पुसू शकत नाही. तिलाच चार पावलं पुढे आणलं की एफ ५.६लाही फुलांचा नुसता रंग उरतो.

याच लेन्सची आणखी एक खोड आहे, ती पहिल्यांदा बघणारा प्रत्येकजण दचकतो. १८वर एफ ३.५ लावा आणि चकतीला हात न लावता झूम करत जा. आकडा आपोआप ४, ४.५, ५ करत ५.६ होतो. कॅमेरा बिघडलेला नाही. लेन्सच्या तोंडाशी गोल पट्टीवर १:३.५-५.६ असं छापलेलं असतं त्याचा अर्थच तो, की झूम केल्यावर लेन्स याहून जास्त उघडूच शकत नाही. आणि तिथेही पुन्हा शेजारचा आकडा हलतो. १८वर १/१६० असलेलं शटर ५५वर येईपर्यंत १/६०वर उतरलेलं असतं.

बरण्यांवरून माणसांवर आले ती संध्याकाळची वेळ. दिवाणखान्यात एक ट्यूबलाइट, मनू सोफ्यावरून उड्या मारतेय. अशा उजेडात काय होतं ते आकड्यांतच सांगते, कारण बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत रात्री साधारण असेच आकडे निघतील. लेन्स ५५वर, एफ ५.६, आयएसओ ४०० : शटर १/८. आयएसओ ८०० केला की १/१५. १६००ला १/३०. ३२००ला १/६०. आणि ६४००ला, म्हणजे माझ्या कॅमेऱ्याच्या नेहमीच्या मर्यादेच्या टोकाला, १/१२५.

आता मूल काय मागतं ते बघा. गोष्टीच्या पुस्तकात डोकं घालून बसलेलं मूल १/६०ला येतं. बोलणारं, हसणारं, मान वळवणारं मूल १/१२५ मागतं. आरतीत टाळ्या वाजवणाऱ्या हातांना १/२५० लागतं, आणि सोफ्यावरून उडी मारणाऱ्याला १/५००. माझ्या घरातल्या ट्यूबलाइटखाली उडीचा फोटो एफ ५.६ला निघणार नव्हता. अडचण लेन्सच्या भोकाची आणि उजेडाची होती.

मामाने आयएसओ ऑटोवरून का काढला तेही इथे उलगडलं. ऑटोवर ठेवला की माझा कॅमेरा Av मध्ये शटर साधारण एवढंच राखतो की हात थरथरल्याने फोटो हलू नये. लेन्स किती मिलिमीटरवर आहे हे त्याला कळतं, त्यामुळे ५५वर तो १/६०च्या आसपास समाधान मानतो. समोर झाडाची कुंडी आहे की पाच वर्षांची मुलगी, हे त्याला कळायला मार्ग नाही. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत 'शटर यापेक्षा खाली नको' अशी अट घालता येते. ती असेल तर १/१२५ टाकून ऑटो खुशाल ठेवावा. माझ्यात ती सोय नाही, म्हणून मी उलट्या दिशेने काम करते : आधी अपर्चर, मग बटण अर्धं दाबून शटर बघायचं, कमी वाटलं तर हवा तो आकडा दिसेपर्यंत आयएसओ वर चढवायचा. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात हे खरं आहे. ३२००ला माझ्या कॅमेऱ्यावर सावलीतल्या भागात ते दिसतात, ६४००ला गालावरही. पण पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर ३२००चे दाणे घरात कुणालाही दिसले नाहीत. हललेला चेहरा मात्र सगळ्यांना दिसतो.

दुसरी वाट म्हणजे झूम सोडून पायांनी जवळ जाणं. १८वर एफ ३.५ मिळतं, म्हणजे ५५च्या तुलनेत अडीचपट उजेड. त्याच ट्यूबलाइटखाली आयएसओ ३२००ला १/६०च्या जागी १/१६० मिळालं. चेहऱ्याच्या फार जवळ गेलं तर नाक मोठं दिसतं, म्हणून मीटर-दीड मीटरवर थांबायचं आणि सोबत खोलीही फोटोत येऊ द्यायची. पसरलेली खेळणी, अर्धवट खाल्लेला लाडू. मला स्वतःला हे फोटो धूसर पार्श्वभूमीच्या फोटोंपेक्षा जास्त आवडायला लागलेत, पण ते असो.

फोटो बिघडला की तो का बिघडला हे ओळखणं फार महत्त्वाचं, कारण तीन वेगवेगळी कारणं छोट्या स्क्रीनवर एकसारखीच दिसतात आणि तिघांवरचा उपाय वेगळा आहे. मी फोटो उघडून भिंगाच्या बटणाने मोठा करते आणि आधी चेहऱ्याकडे बघतच नाही, मागच्या भिंतीकडे बघते. भिंत, कॅलेंडर, चेहरा सगळंच एका दिशेला सारवल्यासारखं दिसत असेल तर माझा हात हलला. कॅलेंडरवरची तारीख वाचता येतेय पण मनूचा हात पिसाऱ्यासारखा पसरलाय, तर ती हलली. आणि कशालाच ओढल्याची रेघ नाही, नुसता डोळा मऊ आहे पण कानातलं डूल लख्ख आहे, तर फोकस डोळ्यावर बसलाच नाही. पहिल्यावर लेन्सच्या बाजूचा 'STABILIZER' लिहिलेला खटका चालू आहे ना ते बघायचं. दुसऱ्यावर त्या खटक्याचा काडीचाही उपयोग नाही, तो फक्त आपल्या हाताची थरथर सावरतो, तिथे शटरच वाढवायला हवं. तिसऱ्यावर शटर कितीही वाढवलं तरी फरक पडत नाही, फोकसचा ठिपका हाताने निवडून डोळ्यावर ठेवावा लागतो.

याच सुमारास ५० मिलिमीटरची एफ १.८ची लेन्स घेतली. झूम नाही, किंमत या लेन्सच्या बाजारात त्यातल्या त्यात परवडणारी. ५० भागिले १.८ म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटरचं भोक, दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठं. ट्यूबलाइटखाली जिथे एफ ५.६ला आयएसओ १६००वर १/३० मिळत होतं, तिथे आता १/३२० मिळायला लागलं. दहापट. लोक ही लेन्स धूसर पार्श्वभूमीसाठी घेतात. मला विचाराल तर घरात मुलं असलेल्याने ती शटरसाठी घ्यावी.

पण दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. एक, आमच्यासारख्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असल्यामुळे ५०च्या लेन्समधून बरंच अरुंद दृश्य दिसतं. मनूचा पायापासून डोक्यापर्यंत उभा फोटो घ्यायचा तर मला जवळपास तीन मीटर मागे जावं लागतं, आणि आमचा हॉल दहा बाय बाराचा आहे. पाठ दाराला टेकते. दुसरी, एफ १.८ला दीड मीटरवरून स्पष्टतेचा पट्टा साधारण सहा सेंटिमीटरचा असतो. चेहरा सरळ असेल तर पुरतो. मान तिरकी केली की जवळचा डोळा लख्ख आणि लांबचा मऊ. आणि दोन भावंडं गालाला गाल लावून बसली नसतील, एखादं जरा मागे असेल, तर त्यातलं एक फोटोतून गेलंच म्हणा. दोघांसाठी मी एफ ४ लावते, पट्टा दुपटीहून मोठा होतो, आणि शटरला जे कमी पडतं ते आयएसओतून भरून काढते.

दुपारी खिडकीशी बसून वालपापडी निवडणाऱ्या सासूबाईंचा फोटो हा पुढचा धडा ठरला. मागे खिडकीतून ऊन, पुढे त्यांचा चेहरा. कॅमेरा चौकटीतल्या एकूण उजेडाचा मेळ घालतो, खिडकीचा उजेड बघून शटर आवरतं घेतो आणि चेहरा काळवंडतो. यावर उपाय सोपा आहे. Av +/- लिहिलेलं बटण दाबून धरून चकती फिरवली की पट्टीवरचा काटा उजवीकडे सरकतो. एक घर, म्हणजे +१ला, चेहरा उजळला. दीड घराला खिडकी पार पांढरी झाली, पण मला खिडकी नकोच होती. पांढरं नऊवारी किंवा पांढऱ्या सदऱ्यांची रांग असेल तरी हेच करावं लागतं, कारण कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करू बघतो. काळ्या चंद्रकळेला उलटं, काटा डावीकडे.

फक्त हा जादा उजेड कुठून आला ते बघा. भोक मी बांधलेलं, आयएसओ मी बांधलेला. उरलं शटर. +१ केल्याबरोबर १/१२५चं १/६० झालं. सासूबाई शांतपणे निवडत होत्या म्हणून चालून गेलं, पण बोटांनी शेंग मोडतानाचा फोटो हलला. Av मध्ये काहीही जास्तीचं मागितलं की त्याची भरपाई शटर करतं. म्हणून आता काटा सरकवला की लगेच आयएसओही एक पायरी चढवते. काम झालं की काटा परत मधे आणायचा, नाहीतर पुढचे सगळे फोटो भाजलेले निघतात.

फ्लॅशचंही हेच. अंधारात फ्लॅश उघडला की आता शटरची चिंता मिटली असं वाटतं. ऑटोवर मिटतेच. Av मध्ये मात्र कॅमेरा फ्लॅशला जोडीदार समजतो, मुख्य दिवा समजत नाही. मागच्या खोलीचा उजेडही फोटोत यावा म्हणून तो शटर १/८ला ठेवून देतो. परिणाम असा की मनूचा चेहरा फ्लॅशमध्ये गोठलेला आणि त्याभोवती तिचीच एक फिकट सावली तरंगतेय. माझ्या कॅमेऱ्याच्या मेनूत 'Flash sync. speed in Av mode' नावाची नोंद आहे. तिथे '1/200-1/60 sec. auto' निवडलं की शटर १/६०च्या खाली जात नाही. मागची खोली काळोखी होते, पण भूत जातं. मामाने यावर एकच शब्द उच्चारला, "छत." म्हणजे फ्लॅश छताकडे वळवायचा आणि तिथून परतणारा उजेड वापरायचा. आमच्या कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश छताकडे वळत नाही, त्यासाठी वेगळा घ्यावा लागतो. तो अजून घेतलेला नाही.

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला गावच्या घरी सगळे जमलो, आणि ग्रुप फोटो माझ्यावर आला. ग्रुपला एफ ८ हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलं होतं की पाठ झालं होतं. पडवीत दोन रांगा केल्या, पुढे खुर्च्यांवर वडीलधारी, मागे उभे आम्ही, पायांशी मुलं. उन्हात उभं केलं असतं तर सगळ्यांचे डोळे मिटले असते, म्हणून पडवीची सावलीच बरी. लेन्स २४वर, कॅमेरा पुढच्या रांगेपासून तीन मीटरवर. आयएसओ ४००, एफ ८ लावलं तर शटर १/६०. पंधरा-वीस माणसं, त्यात चार मुलं. १/६०ला कुणीतरी हलणारच.

मामाही आलेला होता. म्हणाला, "आठ कशाला? चोवीसवर आहेस ना?" त्याचं म्हणणं मी नंतर हिशेबाने ताडून बघितलं. २४ मिलिमीटरवर, तीन मीटरवर फोकस असताना एफ ५.६लाच साधारण १.९ मीटरपासून साडेसहा मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. दोन रांगांमधलं अंतर जेमतेम मीटरभर. एफ ४लासुद्धा ती बसली असती, फक्त या लेन्सचे कोपरे पूर्ण उघडल्यावर जरा मऊ पडतात आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या जाऊबाईंना ते चाललं नसतं. एफ ५.६ला शटर १/१२५ झालं. फोकस पुढच्या रांगेत मधे बसलेल्या सासूबाईंच्या डोळ्यावर, कारण स्पष्टतेचा पट्टा फोकसच्या पुढे कमी आणि मागे जास्त पसरतो. मग बटण दाबून धरून एका दमात बरेच फोटो. डोळ्यांची उघडझाप कुठल्याही शटरने सुटत नाही, तिथे संख्याच कामी येते. एफ ८चा सल्ला खोटा नाही, तो लांब लेन्सने ग्रुप काढणाऱ्यासाठी आहे. माझी ५०ची लेन्स एफ १.८ला तिथे लावली असती तर पट्टा वीतभर राहिला असता आणि आम्ही मागचे सगळे धूसर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात वेगळीच गंमत. ५०ची लेन्स, एफ १.८, कडक ऊन, आयएसओ १०० आणि व्ह्यूफाइंडरमध्ये ४००० हा आकडा लुकलुकतोय. माझ्या कॅमेऱ्याचं शटर १/४०००पेक्षा जलद होऊ शकत नाही आणि एवढ्या उजेडाला एफ १.८वर त्याहून दुपटीहून जलद शटर हवं होतं. लुकलुक म्हणजे 'फोटो पांढरा होणार' अशी सूचना. एफ ४पर्यंत बंद केलं की थांबते. आदल्या रात्रीचा आयएसओ १६०० तसाच राहिला असेल तर एफ ८लाही थांबत नाही, त्यामुळे उन्हात ४००० लुकलुकलं की मी आधी आयएसओकडे बघते.

Av कुठे पुरत नाही तेही कळलं, भाच्याच्या खो-खोच्या सरावाला. साडेपाचला मैदानावर छान ऊन होतं, एफ ५.६ आणि आयएसओ १६००ला शटर हवं त्याहून जास्तच मिळत होतं. सूर्य खाली जाईल तसं, मी कशालाही हात न लावता, ते ५००, ३२०, २०० असं उतरत गेलं. धावणाऱ्यांचे फोटो घेताना दर दोन मिनिटांनी आकडा बघत बसणं जमत नाही. इथे डायल एक घर पुढे, Tv वर न्यायची. शटर १/५०० आपण बांधायचं, आयएसओ इथे ऑटोवर सोडायचा आणि भोकाचं काय ते कॅमेऱ्याला बघू द्यायचं. मग लुकलुकतो तो अपर्चरचा आकडा. आयएसओ ६४००ला पोचलाय, लेन्स ५.६च्या पुढे उघडत नाही आणि तरी उजेड कमी पडतोय, असा त्याचा अर्थ. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात ते झालं. मग मी पळणाऱ्यांचा नाद सोडून पाटीत बसलेल्यांकडे वळले. खो मिळायची वाट बघत, एक हात जमिनीला टेकून, मान वळवून बसलेली पोरं क्षणभर दगडासारखी स्थिर असतात, आणि त्यांना १/१२५ पुरतं. डायल परत Av वर.